सायकलच्या स्लो मोशनमध्ये मागचे गज उलट्या दिशेला पळतायत, मदत हवी आहे

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

तीन सेकंदांची क्लिप आहे. एक मुलगा सायकलवरून डावीकडून उजवीकडे जातो, कॅमेरा त्याच्यासोबत पॅन होतो आणि मागे लांबलचक लोखंडी कठडा आहे, उभ्या गजांचा. साधं फुटेज, हाय स्पीड वगैरे काही नाही. फाईल 1080 ची, 30 फ्रेम्सची. शटर 1/50 होतं असं शूट करणारा मित्र म्हणतो.

मी टाइम रीमॅप करून वेग 25 टक्के केला, ऑप्टिकल फ्लो लावला. बारा सेकंद झाले. शेवटी मुलगा डबक्यावरून उडी मारतो तिथे थांबून सगळं उलट पळवायचं आहे, म्हणजे रिव्हर्स.

अडचणी अशा. पहिले तीनेक सेकंद झकास. मग गज थरथरू लागतात आणि नंतर चक्क उलट्या बाजूला, मुलाच्या दिशेनेच सरकतात. झाडं मात्र बरोबर मागे जातात. शिवाय पाऊण-एक सेकंदाला सगळंच चित्र क्षणभर अडखळतं. आणि जिथे थांबून उलटं फिरतं तिथे मुलाच्या हाताची बोटं वितळल्यासारखी दिसतात.

सगळ्या क्वालिटी सेटिंग्ज वर नेऊन पाहिल्या. रेंडरला वेळ वाढला, गज तसेच.

बिनधास्त

रिव्हर्समध्ये अडखळतं ना? ते फाईलमुळे. अशा फाईलीत बऱ्याच फ्रेम्स आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात, उलटं चालवताना प्रोग्रॅमला दर वेळी मागे जाऊन पुन्हा उलगडावं लागतं. प्रोआरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये बदलून घ्या, लोण्यासारखं चालेल.

अर्धविराम

@बिनधास्त, तुम्ही म्हणता ते प्रीव्ह्यूत होतंच, पण माझं रेंडर केलेल्या व्हिडिओतही अडखळतं, आणि सरळ चालतानाही.

शटरबहाद्दर

चूक शूटिंगमध्येच आहे. 1/50 ला प्रत्येक फ्रेम माखलेली. 25 टक्के वेग म्हणजे प्रेक्षकाच्या लेखी चौपट फ्रेम्सचा कॅमेरा, त्यात हा माखा चौपट लांब वाटणार. शटर 1/500 ठेवलं असतं तर कडा धारदार मिळाल्या असत्या आणि ऑप्टिकल फ्लोला गज नीट सापडले असते. आता निदान 50 टक्क्यांवर थांबा, गज सरळ जातील.

कटकट

शटरबहाद्दर, माख्याचं पटलं, गजांचं नाही. सांगतो, पण आधी अर्धविराम यांना थोडं काम.

क्लिपची मूळ फाईल घ्या, स्लो केलेली नको. एकेक फ्रेम पुढे सरकवा आणि एकच गज धरून तो दर फ्रेमला किती पिक्सेल सरकतो ते मोजा. सुरुवातीला सातआठ फ्रेम्स, शेवटाकडे सातआठ. आणि दोन शेजारच्या गजांमधलं अंतर किती पिक्सेल, तेही.

पाऊलखूण

माझाही असाच प्रॉब्लेम आहे! नाचाचा व्हिडिओ, हॉलमधल्या दिव्यांखाली. स्लो केल्यावर सगळं चित्र उजळतं-मंदावतं, आणि फ्रेमच्या मधल्या फ्रेम्स भुतासारख्या येतात. माझ्याकडे मोजायला गज नाहीत, काय मोजू?

कटकट

@पाऊलखूण, तुमचं वेगळं आहे. दिव्यांचा फ्लिकर आहे तो. ऑप्टिकल फ्लो दोन फ्रेम्समध्ये सारख्या उजेडाचे ठिपके शोधतो, उजेडच बदलला की तो चुकीचं जुळवतो. आधी मूळ वेगावर डीफ्लिकर करा, मग स्लो. वेगळा धागा काढा, इथे खिचडी होईल.

अर्धविराम

मोजलं. डोळे गेले.

गजांमधलं अंतर 60 पिक्सेल, कुठे 59 कुठे 61. सुरुवातीला गज दर फ्रेमला 22-24 ने डावीकडे सरकतो. शेवटाकडे 54-55 ने. साधारण 20 व्या फ्रेमपाशी 30 च्या आसपास होतं.

एक विचित्र गोष्ट: दर सहाव्या फ्रेमला सरकणं शून्य! मला वाटलं मीच बटण नीट दाबलं नाही, पण चार वेळा तपासलं.

कटकट

शून्याबद्दल आधी, कारण ते सोपं आहे. तुमचं शूटिंग 25 फ्रेम्सचं आहे. फाईल तुमच्याकडे येताना कोणीतरी 30 ची करून दिली आणि भरती म्हणून दर पाच फ्रेम्समागे एकीची नक्कल टाकली. नॉर्मल वेगात हे कळत नाही. 25 टक्के केलं की ती सहाची फेरी 24 फ्रेम्सची होते, म्हणजे 0.8 सेकंद. हेच तुमचं पाऊण-एक सेकंदाचं अडखळणं. ऑप्टिकल फ्लोला दोन सारख्या फ्रेम्स दिल्या तर तो इमानदारीने त्यांच्यामध्ये तीन सारख्याच फ्रेम्स बनवणार.

मित्राकडे कॅमेऱ्यातली फाईल असेल तर तीच घ्या. नसेल तर:

```
ffmpeg -i cycle30.mp4 -vf decimate=cycle=6 -crf 14 -an cycle25.mp4
```

दर सहा फ्रेम्समधली सगळ्यात सारखी एक फ्रेम हे काढून टाकतं आणि 25 ची फाईल देतं. टाइमलाइनही 25 ची करा. नाहीतर तीच नक्कल मागच्या दाराने परत येईल.

आता गज. समजा पहिल्या फ्रेममध्ये एक गज 300 वर आहे आणि त्याच्या उजवीकडचा 360 वर. पुढच्या फ्रेममध्ये सगळे 55 ने डावीकडे गेले. आपला गज 245 वर, शेजारचा 305 वर. मशीनला सगळे गज सारखेच. 300 वाला गेला कुठे असं ते शोधतं, तर 5 पिक्सेलवर एक हुबेहूब गज उभा आहे. ते म्हणतं, सापडला, उजवीकडे 5 ने सरकलाय. मधल्या तीन फ्रेम्स त्याच हिशोबाने बनतात, म्हणून गज सावकाश उलटे चालतात. झाडांना असं जुळं भावंड नाही, ती बरोबर जातात.

अंतराच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 30 पिक्सेलपर्यंत, खरा गजच सगळ्यात जवळचा असतो, म्हणून तुमचे पहिले तीन सेकंद छान आहेत. 30 च्या आसपास काही भाग इकडे जुळतो काही तिकडे, ती थरथर. पुढे सगळेच उलटे.

म्हणून शटरबहाद्दर, 50 टक्के केल्याने काही सुधारत नाही. दोन खऱ्या फ्रेम्समधलं सरकणं तेवढंच राहतं, फक्त तीनऐवजी एकच चुकीची फ्रेम मध्ये येते. आणि 1/500 ने गज धारदार झाले असते म्हणजे एकमेकांसारखे जास्तच दिसले असते.

शटरबहाद्दर

गजांचं मान्य. पण चाकाच्या आऱ्यांना तरी जास्त शटरने फायदा झाला असता?

कटकट

उलट. अदमासे हिशोब करा. सायकल सेकंदाला 5 मीटर, चाकाचा घेर 2.1 मीटर धरू. एका फ्रेमला 20 सेंटीमीटर, म्हणजे चाक सुमारे 34 अंश फिरलं. 36 आऱ्या असतील तर दोन आऱ्यांत 10 अंश. निम्मे म्हणजे 5, आपण कुठल्या कुठे गेलो! 1/50 मुळे आऱ्यांचा धुरकट पडदा झालाय, तोच तुम्हाला वाचवतोय. चाकांपुरता मास्क करून तिथे साधं फ्रेम ब्लेंडिंग ठेवा, कोणाला कळणार नाही.

अर्धविराम

डोक्यात प्रकाश पडला. पण मग गजांवर इलाज काय? पुन्हा शूट करणं शक्य नाही.

कटकट

कॅमेऱ्याची हालचाल काढून टाका, स्लो करा, मग हालचाल परत घाला.

कठड्यावरचा ठळक ठिपका ट्रॅक करा, गंजाचा डाग, वेल्डिंगची गाठ, काहीही जे एकदाच येतं. तो ठिपका फ्रेमबाहेर जाईल तेव्हा पुढचा धरा. त्या ट्रॅकवर स्टॅबिलाइझ करा, म्हणजे कठडा जागच्या जागी उभा आणि फ्रेमची खिडकी त्यावरून सरकतेय. तुमच्या 75 फ्रेम्समध्ये पॅन अंदाजे 3000 पिक्सेलचा आहे, तेव्हा कॅनव्हास 5000 रुंद घ्या. हे रेंडर करून वेगळी फाईल बनवा. ते टाळलंत तर बरेच प्रोग्रॅम स्लो मोशन मूळ क्लिपवर आधी लावतात आणि स्टॅबिलायझेशन नंतर, मग सगळी मेहनत वाया.

त्या फाईलवर 25 टक्के आणि ऑप्टिकल फ्लो. आता गजांचं सरकणं शून्याजवळ, त्यामुळे गोंधळ नाही. मग ट्रॅकचे आकडे चौपट लांबवून, मध्ये गुळगुळीत वक्र ठेवून, पॅन परत घाला. खिडकीच्या कडेचे 55 पिक्सेल खराब येतील, सुमारे 6 टक्के झूम करून कापा.

गोची एकच. या फाईलमध्ये मुलगा 55 ने धावतोय, कारण मुळात कॅमेरा त्याला धरून होता. तेव्हा मुलगा जुन्या स्लो क्लिपमधून मास्क करून घ्या, जिथे तो जवळपास स्थिर आहे, आणि या कठड्यावर बसवा. अर्थात ती क्लिपही 25 च्या फाईलवरून पुन्हा करायची, नाहीतर दोघांचा ताल जुळणार नाही.

उलटसुलट

मी आधी रिव्हर्स करतो आणि मग स्लो, कारण उलट दिशेने फ्लो वेगळा निघतो. उडीच्या जागी ते करून पाहा.

कटकट

वेगळा निघू शकतो, पण फार नाही. बहुतेक पद्धती दोन्ही फ्रेम्सकडे बघतात, पुढची-मागची अदलाबदल करून चित्र जवळपास तेच येतं. बोटांचं कारण वेगळं आहे. वक्र जिथे शून्यावर येऊन वळतो तो क्षण दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये पडलाय. उदाहरणार्थ 70.5 वर. म्हणजे सगळ्यात जास्त वेळ प्रेक्षक बनावट फ्रेमच बघतोय. वळणाची की-फ्रेम नेमकी 70 किंवा 71 वर ठेवा. वेगाचा वक्र तिथे हळूहळू शून्यावर आणा, टोक ठेवू नका.

अर्धविराम

दोन रात्री घालवून आलो.

अडखळणं पूर्ण गेलं. वळणाची की-फ्रेम 71 वर घेतली, बोटं शाबूत. गज सरळ जातात, बघताना वेड लागलं! चाकांवर फ्रेम ब्लेंडिंग चालून गेलं.

उरलं ते हे: मुलाभोवती वीसेक पिक्सेलचा पट्टा आहे, तिथे गज वाकतात, कारण मागच्या फाईलमध्येही त्याच जागी मुलाची फाटकी आकृती आहे. आणि गजांच्या फटींमधून दिसणारी झाडं किंचित लाटांसारखी हलतात.

उलटसुलट

पट्ट्यासाठी कठड्याची रिकामी प्लेट बनवा. स्थिर केलेल्या फाईलमध्ये मुलगा पुढे गेल्यावर मागचे गज उघडे पडतात, त्या फ्रेम्स जोडून एक लांब स्थिरचित्र.

कटकट

+1, हे चांगलं सुचवलंत. मूळ फ्रेम्समधूनच जोडा, बनवलेल्या नकोत. फक्त सुरुवातीला मुलगा जिथे उभा आहे तिथले गज नंतर उघडे पडतात का, ते बघावं लागेल, कारण खिडकीही पुढे गेलेली असते. झाडांचं अवघड आहे. ती कठड्यापेक्षा लांब, म्हणून वेगळ्या वेगाने सरकतात, आणि फटीत अर्धवट दिसतात. स्थिरचित्रात ती गोठतील, ते कदाचित लाटांपेक्षा वाईट दिसेल. करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

अर्धविराम

पहिल्या दहा फ्रेम्सना मागचे गज कधीच उघडे पडत नाहीत, आत्ताच पाहिलं. पण तिथे सरकणं 22-24 आहे, म्हणजे तो भाग जुन्या क्लिपमधूनच जसाच्या तसा घेता येईल ना? आज रात्री जोडून बघतो.

बिनधास्त

जोडणार असाल तर आधी प्रोआरेसमध्ये बदला हो.