अनुभव धागा : स्पॉटरच्या टेबलावर आधी काय बघता?

टाकेवाली: भाचीची सर्जरीची प्रॅक्टिकल तोंडावर आलीय, त्यामुळे ट्रेमधली जुनी मंडळी पुन्हा डोळ्यांपुढे आली. सगळ्यात फसवी जोडी म्हणजे स्पंज होल्डिंग आणि ओव्हम फोर्सेप्स. दोन्ही लांब, दोन्हींच्या टोकाला खिडकी. टोकाकडे बघत बसू नका, बोटांच्या कड्यांजवळ बघा. तिथे लॉक असेल तर स्पंज होल्डिंग, नसेल तर ओव्हम. कारण विचारतातच: गर्भाशयातला उरलेला भाग काढताना भिंत, किंवा भोक पडून आतडं पकडीत आलं, तर लॉक नसल्याने दाब टिकून राहत नाही, लगेच सोडता येतं.

घाईतला: म्हणजे लॉक नाही = ओव्हम. संपलं!

टाकेवाली: अर्धंच बरोबर. चीटललाही लॉक नसतो. पण तो जाडजूड, पाती वाकडी, आतून दाते, आणि खिडकी नाही. निर्जंतुक हत्यारं उचलून द्यायचा चिमटा तो.

रात्रपाळी: आर्टरी आणि नीडल होल्डरचं सांगा ना कोणीतरी. बंद ठेवलेले असले की आतले दाते दिसतच नाहीत.

ओटी_ताई: दाते सोड, पातं किती लांब ते बघ. नीडल होल्डरचं पातं दांड्याच्या मानाने आखूड आणि जाड, सुई घट्ट धरायला जोर लागतो म्हणून. हातात घ्यायची परवानगी असेल तर उघड: आर्टरीला आडव्या रेघा, नीडल होल्डरला बहुधा जाळीदार. टोकाला दात दिसला तर कोकर.

बाकावरचा: माझे टाके उद्या काढायचेत, त्याला यातला कोणता वापरतात? दुखेल का?

ओटी_ताई: चिमटा आणि कात्री 😄 फार नाही दुखत. धागा परीक्षेचा आहे हो.

घाईतला: बॅबकॉकचा उपयोग 'टिश्यू धरायला' लिहिला तर?

टाकेवाली: मग ऍलिस वेगळा कसा? काय धरायचं आणि का ते लिही. बॅबकॉकला टोकाला दात नाहीत, मधे खिडकी, म्हणून नाजूक नळीसारखे अवयव: अपेंडिक्स, आतडं, फॅलोपियन नळी. ऍलिसच्या टोकाला बारीक दात, तो फॅशियासारख्या चिवट गोष्टींना. आतड्याला लावलास तर भोकं पडतील.

फॉर्मलिन: बाटल्यांबद्दल कोणीच बोलत नाही. जठरातला व्रण आला तर कडा बघा. कडा सपाट, छिद्र पाडल्यासारखी, आणि घड्या थेट तिच्यापर्यंत येत असतील तर बहुधा साधा. कडा उचललेली, बाहेर वळलेली आणि घड्या आधीच तुटलेल्या, तर कॅन्सर.

रात्रपाळी: आणि बाटलीत रंग उडून सगळं एकसारखं करडं झालेलं असेल तर?

फॉर्मलिन: रंगावर जाऊच नका. आधी अवयव ओळखा, मग कडा. तरी जुन्या नमुन्यात घड्याच दिसत नाहीत कधीकधी, तेव्हा मी 'व्रण, बायॉप्सीने खात्री' लिहायला सांगतो.

टाकेवाली: आमच्याकडे तेवढ्याला अर्धेच गुण देतात.