भजनसंध्येची यादी पट्टीप्रमाणे लावायची की परंपरेच्या क्रमाने?

विश्रामबागकर (धागाकर्ता)
दत्तजयंतीला आमच्या सांगलीतल्या कॉलनीच्या देवळात भजनसंध्या असते. उघडं पटांगण, वेळ साडेसात ते दहा. दोन पुरुष गायक पेटीची काळी एक हा सा धरून गातात, मावशी आणि त्यांची शिष्या काळी चारला. तबलजी एक, पेटी एक. गेल्या वर्षी १२ रचनांत ५ वेळा पट्टी बदलली. दर वेळी तबल्यावर हातोडीची ठाकठोक, आणि शेवटी दहा वाजले म्हणून भैरवी न होताच माईक बंद केला. यंदा एका पट्टीची सगळी भजनं सलग लावावीत असं मी म्हणतो. बाकीच्यांना पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

तासगावचा टाळकरी
अजिबात नको. आधी नमन, नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, मधे गौळण, भारूड, शेवटी भैरवी. हा क्रम कुणी सोयीसाठी लावलेला नाही, ऐकणाऱ्याचं मन त्याच वाटेनं चालतं. पट्टीसाठी गौळण दुसऱ्या नंबरला आली तर ते भजन राहत नाही, गाण्यांचा कार्यक्रम होतो. आणि आमच्याकडे सगळे एकाच पट्टीत गातात, बायाबापड्यासुद्धा. पट्टी ही गायकाची अडचण आहे, देवाची नाही.

बटण दाबा
आजच्या काळात हा प्रश्न? तानपुरा मोबाईलवर, पेटीऐवजी कीबोर्ड, ट्रान्सपोझचं बटण दाबलं की दोन सेकंदांत काळी एकची काळी चार. वादकाला बोटंही बदलावी लागत नाहीत. हवा तो क्रम लावा.

मिरजेचा ठेका
बटण दाबा, तानपुऱ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. खऱ्या तानपुऱ्याचं काळी एकवरून काळी चार करता येत नाही, तिथे मोबाईल कामाला येतो. (मिरजेत राहून हे लिहिताना हात अडखळतो, पण खरं आहे.) पण वेळ तानपुऱ्यात जात नाही, तबल्यात जातो. तबल्याला बटण नसतं. एक तबला अर्धा सूर चढतो-उतरतो, ओढूनताणून एक. काळी एक ते काळी चार म्हणजे पेटीवर सात पट्ट्या. तेवढा चढवायला गेलात तर पुडी जाईल.

विश्रामबागकर, तुमची यादी पट्टीप्रमाणे दोन भागांत तोडायची गरज नाही, आणि टाळकरीबुवांचा क्रमही फारसा मोडत नाही. पेटीवर काळी एक हा सा धरा आणि पंचम शोधा. तो काळी चारवर येतो. म्हणजे मावशींचा सा हाच तुमच्या पुरुषांचा पंचम. काळी चारला लावलेला पाच इंची तबला मावशींना सा देतो आणि पुरुषांना पंचम देतो. पंचमात तबला लावून वाजवणं ही काही जुगाडाची गोष्ट नाही, नेहमी चालतं.

मी यादी अशी लावेन. नमन आणि नामगजर ६ मिनिटं, रूपाचा अभंग १०, मग पुरुषांचे आणखी तीन अभंग ९, ८ आणि ९ मिनिटांचे. हे सगळं काळी एकच्या साडेपाच इंची तबल्यावर, ४२ मिनिटं. इथे एकदाच तबला बदलायचा. त्यावर ३ मिनिटांचं निवेदन. पुढे मावशी १०, शिष्येची गौळण ८, मावशी ९. मग पुरुषाचं भारूड १०, काळी एकमध्येच, पण तबला तोच. पुन्हा मावशी ८, सगळ्यांचा गजर १०, तोही काळी एकमध्ये त्याच तबल्यावर. शेवटी मावशींची भैरवी ९. बेरीज १०९ मिनिटं. अडीच तासांतून उशिरा सुरू होण्याचे १० आणि आरती-पसायदानाचे १५ काढले तर १२५ उरतात. म्हणजे हाताशी १६ मिनिटं. ती वाटून टाकू नका, लागणारच आहेत.

विश्रामबागकर
मग सुरुवातीपासूनच काळी चारचा तबला का नको? एकही बदल नाही!

मिरजेचा ठेका
दोन कारणं. संथ लयीतला रूपाचा अभंग आणि वर चढलेला छोटा तबला, म्हणजे खर्जातल्या आवाजावर टिणटिण. भारूडात, गजरात ते खपून जातं, कारण टाळ आणि कोरस असतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या पुरुषांच्या अभंगांत एखादी चाल मालकंसावर असेल, आणि बहुतेक असतेच, तर मालकंसात पंचम नाही. तबला मात्र दर ‘ना’ला पंचम वाजवणार. गायकाला कळत नाही काय खुपतंय, तो आपला सूर शोधत बसतो. म्हणून ती चाल पहिल्या भागातच हवी, साच्या तबल्यावर. यादीत नुसती पट्टी लिहू नका, चालीत पंचम आहे की नाही तेही लिहा.

साताऱ्याची पेटी
आमच्या भजनस्पर्धेत प्रत्येक मंडळाला ठरावीक मिनिटं असतात आणि घंटा झाली की गुण कापतात. आम्ही पट्टी बदलतच नाही, सगळं काळी दोनला. तुम्हीही तसंच करा, वेळेचा प्रश्न येणार नाही. कीबोर्डबद्दल मात्र सांगते. आमच्या एका वादकाने ट्रान्सपोझ लावून एक गाणं वाजवलं आणि परत शून्यावर आणायला विसरला. पुढच्या अभंगाला बुवांनी आपल्या पट्टीत सुरुवात केली, कीबोर्डने दुसऱ्याच. पहिली ओळ संपेपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत होते. तेव्हापासून आमच्याकडे साधी पेटी.

बटण दाबा
ती चूक माणसाची, बटणाची नव्हे 🙂

काळी तीन
स्पर्धा आणि भजनसंध्या वेगळं आहे हो ताई, इथे चार वेगळे गळे आहेत. सगळ्यांना काळी दोनला बसवलं तर मावशी खर्जात पुटपुटतील.

आता ठेकेवाल्या दादांना. तुमची यादी हुशार आहे, पण बायकांची पट्टी काळी चार हे तुम्ही गृहीत धरलंत. मी पंचवीस वर्षांपूर्वी काळी पाचला गात होते, मग काळी चार, आता काळी तीन. थंडीत, रात्री नऊनंतर, उघड्यावर, आणखी अर्धा सूर खाली येते. मावशी पन्नाशीच्या पुढे असतील तर त्यांना त्याच आठवड्यात विचारा, गेल्या वर्षीच्या कागदावरून ठरवू नका. आणि दुसरं, सुरुवातीचे बेचाळीस मिनिटं चारही अभंग पुरुषांचेच? आमच्याकडे हेच चालतं. बायकांचा नंबर येतो तेव्हा प्रसादाची रांग लागलेली असते.

मिरजेचा ठेका
दुसऱ्या मुद्द्यावर गप्प बसतो, खरं आहे. पहिल्यावर उत्तर आहे. मावशी पांढरी पाच म्हणाल्या तर तबला अर्धा सूर उतरवा, पण मग पुरुषांनीही अर्धा सूर उतरून पांढरी एकला गायचं. पांढरी एकचा पंचम पांढरी पाच. जोडी तुटता कामा नये. एकजण काळी एकवर अडून बसला आणि मावशी पांढरी पाचला गेल्या, तर माझं सगळं गणित कोलमडतं. मग तिसरा तबला लागेल.

मावशी काळी तीनवर आल्या तर उलटं. त्यांचा पंचम म्हणजे पुरुषांची काळी एक. मग साडेपाच इंची तबला पूर्ण कार्यक्रम चालतो आणि बदलच नाही. आवाज थोडा जड लागेल, शिष्येला खाली वाटेल. तेवढं सोसायचं.

काळी तीन
म्हणजे माझ्या पट्टीला पहिला नंबर देता येतो तर! मग रूपाचा अभंग मावशींनाच द्या.

तासगावचा टाळकरी
ह्याला माझी हरकत नाही. रूपाचा अभंग कुणीही गावा, जागा हलवू नका. पण तुम्ही मिनिटं लिहिलीत, ती पाळणार कोण? दहा मिनिटांचा अभंग रंगला की पंधरा होतो. आणि टाळकरी लय पुढे ढकलतात, हे मी टाळकरी असून सांगतो.

मिरजेचा ठेका
बुवा, लय ढकलली की वेळ वाचायला हवा, पण होतं उलटं. लय चढली की लोक ताल धरतात, गायक तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतो. म्हणून तालमीत रेकॉर्ड करून घड्याळ बघायचं, अंदाजाने मिनिटं लिहायची नाहीत. आणि कुठली रचना कापायची ते आधीच ठरवायचं. माझ्या यादीत मावशींचा तो ८ मिनिटांचा अभंग, भारूडानंतरचा. तो गेला तरी पट्टी आणि तबला हलत नाहीत. नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत भारूड सुरू झालेलं नसेल तर तो गाळायचा, हे कागदावर लाल शाईने.

एका भागातून दुसऱ्यात जाण्याची टीपही तशीच छोटी हवी. पहिल्या भागाच्या शेवटी: ‘निवेदन सुरू होताच तबला बदल, पेटीने काळी चारचा सा धरून ठेवायचा.’ दुसरा तबला कापडात गुंडाळून जवळ ठेवा. डिसेंबरात आठनंतर दव पडतं, चामडं ढिलं होऊन सूर उतरतो. हॅलोजनच्या तोंडाशी ठेवलात तर चढतो. म्हणून पुरुषांचा शेवटचा अभंग संपत आला की कुणीतरी तो तबला बोटाने हळूच तपासायचा.

साताऱ्याची पेटी
आणि गजरातून भैरवीत कसं उतरायचं? आमचं तिथेच फिसकटतं. गजर मिनिटाला दीडशे मात्रांवर संपतो आणि लगेच साठवर भैरवी, लोकांच्या टाळ्या थांबतच नाहीत.

तासगावचा टाळकरी
मधे निवेदकाने एक ओवी म्हणायची. आमच्याकडे तसंच करतात.

मिरजेचा ठेका
मी तिथे निवेदन ठेवत नाही. गजर थांबला की नुसता तानपुरा, वीस-पंचवीस सेकंद, कुणी काही बोलायचं नाही. मग मावशींचा आलाप.

काळी तीन
उघड्या पटांगणात वीस सेकंद गप्प बसलात तर लोक चपला शोधायला उठतात, दादा.

विश्रामबागकर
मावशींना आत्ताच फोन केला. म्हणाल्या, काळी चार की पांढरी पाच ते त्या दिवशी सकाळी उठल्यावर सांगते. दहाच्या नियमाला उघड्या जागेत सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर पर्याय नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात बंद सभागृहाला सूट आहे, आम्हाला नाही. आमच्या दोन पुरुष गायकांना पांढरी एकची कल्पना दिली. एक लगेच तयार झाला. दुसरा म्हणाला, माझा सूर बसत नाही तिथे.

मिरजेचा ठेका
त्या दुसऱ्याला भारूड द्या. भारूडात अर्धा सूर कुणाला जाणवत नाही, त्याला सोडून.