मदत हवी आहे: उशिरा पोचलेल्या फराळाचं माफीचं ईमेल

मी घरून फराळाचे डबे पाठवते. यंदा ४३ डबे उशिरा गेले, त्यातले ११ तर लक्ष्मीपूजन झाल्यावर पोचले. कुरियरवाल्याने घोळ घातला हे खरं, पण शेवटच्या दिवसापर्यंत ऑर्डरी मीच घेत बसले होते.

पहिलं ईमेल रागातच लिहिलं होतं: "सणाच्या गर्दीमुळे कुरियरकडून उशीर झाला, आपली गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत." नणंदेने वाचलं आणि म्हणाली, वहिनी, "झाली असल्यास" काय, झालीच ना! मग ते काढलं, कुरियरचं नावही काढलं, कारण लोकांनी पैसे मला दिलेत, त्याला नाही.

आता असं आहे:
"तुमचा डबा मंगळवारी पोचवते म्हटलं होतं, तो शुक्रवारी आला. सणाला फराळ ताटात नव्हता, ही चूक माझी. झेपतील त्यापेक्षा जास्त ऑर्डरी घेतल्या आणि उशीर होतोय हे कळूनही तुम्हाला कळवलं नाही. डिलिव्हरीचे ९० रुपये आज परत करतेय, तुम्हाला काही करायचं नाही. पुढच्या वर्षी ऑर्डरी आठ दिवस आधी बंद."

पूजेनंतर पोचलेल्या ११ जणांना डब्याचे पूर्ण ६५० परत द्यायचं म्हणतेय, म्हणजे ७१५० रुपये. नवरा म्हणतो कूपन दे, पण कूपन वापरायला परत माझ्याकडूनच घ्यावं लागणार, मग ती भरपाई कसली?

लोकांनी फराळ खाल्लाय तरी पूर्ण पैसे देणं जास्त होतंय का, अर्धे चालतील? आणि पुढच्या वर्षीचं वाक्य ठेवू की काढू? आज रात्री पाठवायचंय.