शब्दचर्चा: ‘ट्रेलिस’ला ‘जाळीदार’ म्हणावं का?

अनघा: भूगोलाच्या नोट्स मराठीत करून राहिले. ड्रेनेज पॅटर्नमधे डेंड्रिटिकला वृक्षाकार, रेडियलला केंद्रत्यागी हे जमलं. ट्रेलिसला ‘जाळीदार’ लिहिलं आणि उदाहरण दिलं काटोलकडच्या एका नाल्याचं, नकाशावर काटकोनात वळत जातो तो. सरांनी उदाहरण खोडलं. का?

विजयभाऊ: ड्रेनेजचं काय सांगता, आमच्या लेआउटमधली गडरलाइन दिवाळीपासून तुंबलेली आहे.

अनघा: भाऊ, नदी-नाल्यांचं!

काका: सरांचं बरोबर आहे, घोळ शब्दाचा आहे. जाळी म्हटलं की आपल्याला खिडकीची चौकटी जाळी दिसते. ट्रेलिस म्हणजे वेल चढवायची ताटी: लांब काड्या एका दिशेच्या, त्यांना आखूड आडव्या. कठीण आणि मऊ थर आळीपाळीने तिरपे उभे राहिले, की मुख्य ओढे मऊ पट्ट्यातून समांतर लांबवर जातात, आणि कठीण कण्यांवरून उतरणारे आखूड नाले त्यांना काटकोनात मिळतात. अमेरिकेतल्या अपालाचियन डोंगरात हे दिसतं. काटोलकडे लाव्हाचे थर जवळपास आडवे; तिथे असे पट्टे येणार कुठून? तुझा नाला खडकातल्या भेगा धरून वळतो. त्याला आयताकार म्हण.

अनघा: नकाशावर फरक कसा ओळखायचा?

काका: 1:50,000 चा टोपोशीट घे आणि कोनमापक. ताटीत लांबी एकाच दिशेच्या ओढ्यांकडे असते. भेगांच्या नक्षीत दोन दिशा वाटून घेतात आणि मुख्य ओढा स्वतःच कोपरे घेत जातो. शहरातली नागनदी मात्र मोजू नको, ती भिंतींमध्ये बांधलेली आहे.

रोहित: म्हणजे वृक्षाकार दिसला की बेसॉल्ट, केंद्रत्यागी दिसला की ज्वालामुखी. झालं पाठ!

काका: पहिलं चुकलं, दुसरं अर्धं. नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला जुना नाइस, आणि वृक्षाकार दोन्हीकडे सापडतो. तो एवढंच सांगतो, की पाण्याला एका दिशेने ओढणारं काही नाही, सगळीकडे खडक सारखाच झिजतो. कोणता खडक, ते जाऊनच पाहावं लागतं. केंद्रत्यागी खडकाचं नाही, उंचवट्याचं सांगतो. ज्वालामुखीवर होतो हे खरं, पण अमरकंटकावरून नर्मदा, सोन, जोहिला वेगवेगळ्या दिशांना निघतात आणि ते पठार आहे, शंकू नव्हे.

अनघा: मग लोणार?

काका: तिथे उलट, ओढे विवरात उतरतात. केंद्रगामी. आणि ते विवर उल्केचं.

रोहित: पण काका, ‘ताटी’ परीक्षेत कोण समजणार? माझ्या पुस्तकात ‘जाळीदार’च आहे.

विजयभाऊ: अन् आमच्याकडे ताटी म्हणजे कुडाची भिंत. ओढे त्यातून कसे जातील?