व्हीएमसी सेटर व्हायचंय : मार्गदर्शक कुठे शोधू, काय विचारू?

मदत हवी आहे. मी भोसरीत 4 वर्षं व्हीएमसी ऑपरेटर आहे. कंट्रोल फॅनुक. जॉब लावणं, टूल ऑफसेट, इन्सर्ट बदलणं जमतं, पण पगार वाढतो तो सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांचा.

आमच्या सेटरदादांना आधी "पुढे जायला काय करू?" असं विचारलं, तर "काम करत राहा" एवढंच उत्तर आलं. मग एकदा नेमकं विचारलं, "दादा, या 24 भोकांच्या जॉबमध्ये वेळ कुठे जातो?" त्यांनी लगेच दाखवलं: G98 मुळे ड्रिल प्रत्येक भोकानंतर पार वरच्या सुरुवातीच्या पातळीपर्यंत जात होतं. मध्ये क्लॅम्प नव्हता, म्हणून त्यांनी G99 केलं; आता ते R पातळीपर्यंतच उठतं. प्रत्येक जॉबमागे 20-22 सेकंद वाचले. क्लॅम्प आडवा असेल तिथे मात्र G98 च ठेवायचं, नाहीतर टूल धडकेल, हेही त्यांनी बजावलं. अशा एका प्रश्नातून मी जे शिकलो ते वर्षभरात शिकलो नव्हतो.

आता दादा नोकरी सोडून गेले. माझी 12 तासांची पाळी, रविवार मोकळा. कंपनीचं ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅम बाहेर दाखवता येणार नाही. क्लासची चौकशी केली, पण तिथे सॉफ्टवेअरच शिकवतात, मशीनवर उभं करत नाहीत.

लहान जॉबवर्क शॉपच्या मालकाकडे रविवारी बिनपगारी मदतीला जावं, की टूल कंपनीचे इंजिनिअर ट्रायलला येतात त्यांना गाठावं? आणि सायकल टाइमनंतर सेटिंग व जॉबच्या कॉस्टिंगबद्दल पहिला प्रश्न नेमका कोणता विचारू?