सोसायटी ग्रुप : ते प्लगचं मीटर कोणाकडे आहे?

वर्षा ४०१: सोसायटीने आणलेलं सॉकेटमध्ये लावायचं मीटर सध्या कोणाकडे आहे? वहीत माझा नंबर गेल्या आठवड्यातला आहे.

नीलिमा १०३: वर्षाताई, माझ्याकडे आहे. फ्रिजला लावलंय. कालच परत शून्य केलंय, अजून आठवडा लागेल.

वर्षा ४०१: परत? तुमचा आठवडा झाला ना एकदा?

मकरंद २०४: रात्री फ्रिज कोण उघडतं तेही कळतं का त्यात? 😄

वर्षा ४०१: मकरंद, मी गंभीरपणे विचारतेय. मुळात आठवडा हवा कशाला? मी मागे पाच मिनिटं लावून बघितलं, १४० वॉट आले. गुणिले २४ तास, गुणिले ३० दिवस, शंभर युनिट. संपलं.

श्रीधर काका: मोबाईलचे चार्जर रात्रंदिवस सॉकेटला असतात. बटण बंद करत जा. मी पूर्वीही लिहिलं होतं.

प्रसाद ५०२: ताई, ते १४० कॉम्प्रेसर चालू असतानाचे. तो थांबला की तेच मीटर दोन-चार वॉट दाखवतं. वॉट म्हणजे त्या क्षणाचा वेग. आपल्याला एकूण हवंय, म्हणून बटण दाबून kWh वर, म्हणजे युनिटवर यायचं आणि हात लावायचा नाही. एका दिवसाने भागत नाही, कारण रविवारी दार जास्त उघडतं, कधी मधेच बर्फ वितळवणारा हीटर लागतो. आठवड्यात हे सगळं येऊन जातं.

नीलिमा १०३: माझे पहिल्या आठवड्यात १३.४ युनिट आले. १६८ तासांनी भागलं तर सरासरी ८० वॉट. म्हणजे कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ चालूच. प्रसादभाऊंनी दारात कागद अडकवून ओढायला सांगितलं. वर तीनही बाजूंना घट्ट, खालच्या कोपऱ्यात अलगद निघून आला. रबर बदललंय, म्हणून परत मोजतेय.

वर्षा ४०१: मग हे आधी ग्रुपवर सांगायचं. वही कशाला ठेवलीय?

हेमंत (सचिव): कृपया वहीचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

मकरंद २०४: पार्किंगचाही मीटिंगमध्येच घेणार होतो. 🙏

श्रीधर काका: चार्जरचं कोणीच बोलत नाही.

प्रसाद ५०२: काका, मी मोजलाय. फोन न लावलेला चार्जर या मीटरवर ०.० दाखवतो, इतकं कमी त्याला नीट वाचताच येत नाही. अगदी ०.३ वॉट धरा, आठवड्याला ०.०५ युनिट. त्यापेक्षा सेट टॉप बॉक्स बघा. आमचा टीव्ही बंद असतानाही तो १२ वॉट घेतो. १६८ तासांत २ युनिट. टीव्ही स्वतः ७० वॉटचा, रोज चार तास, त्याचेही जवळपास तेवढेच.

श्रीधर काका: थेंबे थेंबे तळे साचे.

मकरंद २०४: काका, हे तळं भरेपर्यंत फ्रिज जुना होईल.

वर्षा ४०१: बरं, मला मुळात गिझरच मोजायचा आहे. तो तर चालेल ना?

प्रसाद ५०२: नाही! गिझरची पिन जाड, १६ अँपिअरची. आपलं मीटर लहान पिनचं. मधे अडॅप्टर घालून लावू नका, प्लास्टिक वितळेल. गिझरसाठी घरचं लाईटचं मीटर वापरा. त्यावर imp/kWh लिहिलेलं असतं, समजा १६००. म्हणजे लाल दिवा १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करून फक्त गिझर लावा. मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकला तर तो २००० वॉट घेतोय. मग गिझरवरचा दिवा रोज एकूण किती वेळ पेटतो ते लिहा. पाऊण तास भरला तर दिवसाला दीड युनिट.

वर्षा ४०१: म्हणजे नीलिमाच्या फ्रिजपेक्षा थोडंसंच कमी. आणि मी इतके दिवस नंबर लावून बसलेय.

(पुढचा रविवार)

नीलिमा १०३: दुसऱ्या आठवड्याचे ९.६. महिन्याला १६ युनिट वाचले!

हेमंत (सचिव): अभिनंदन. सर्वांनी रबर तपासावे.

प्रसाद ५०२: थोडं थांबा. नीलिमाताई, पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे पाहुणे होते ना? आणि हवाही आता गार झालीय. सगळं श्रेय रबराला देऊ नका. उन्हाळ्यात परत एक आठवडा लावा, मग खरं कळेल.

नीलिमा १०३: पाहुणे दोनच दिवस होते. ते पण तुमच्या वहिनीच्या माहेरचे, ओळखीचेच. 🙂

श्रीधर काका: उन्हाळ्यात चार्जर जास्त तापतात.

वर्षा ४०१: नीलिमा, मीटर घेऊन मी संध्याकाळी येते. सेट टॉप बॉक्सला लावणार आहे. मकरंद, नंतर तुझा नंबर, वहीत लिही.

मकरंद २०४: मला नको. आमच्याकडे आई म्हणेल, दिवसभर चालणाऱ्या कॉम्प्युटरलाच आधी लाव.