मदत हवी आहे: डेल्टा कपॅसिटर बसवूनही पॉवर फॅक्टर ०.८९ वरच

सोलापुरातला टॉवेलचा कारखाना. समतोल भार ६० किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. पॉवर फॅक्टर ०.७५ वरून ०.९५ करायचा, म्हणजे ३३.२ केव्हीएआर लागतात. प्रत्येक फेजला ११.०६.

C = Q/(2πfV²) = 11060/(314.16 × 415²) ≈ 205 µF

बँक सोडवून, डिस्चार्ज करून कोणत्याही दोन टर्मिनलमध्ये मोजलं तर २०५ मायक्रोफॅरडच येतात. पण डेल्टात उरलेले दोन कपॅसिटर सिरीजमध्ये येऊन तिसऱ्याला समांतर पडतात, त्यामुळे मीटर १.५C दाखवतो. म्हणजे फेजला खरे १३७च! त्यावरून पॉवर फॅक्टर ०.८९ येतो, पॅनेलवरही तोच दिसतो.

उरलेल्या ६८ मायक्रोफॅरडसाठी ४४० व्होल्टचं १२.५ केव्हीएआर युनिट घ्यायचा विचार आहे. ४१५ वर ते ११ देईल. माग बंद असताना लीडिंग होऊ नये म्हणून ते वेगळ्या कॉन्टॅक्टरवर घ्यावं का?